नफा कागदावर, कर खिशातून

न्यू जर्सीत एडिसन, इझेलिन भागात भागीदारीत धंदा काढायचा म्हटला की बहुतेक जण एलएलसी काढतात. भागीदारांमधल्या कराराला तिथे ‘ऑपरेटिंग ॲग्रीमेंट’ म्हणतात. सह्या होण्याआधी मराठी माणूस त्यात आपला टक्का किती ते पाहतो. तो पाहायलाच हवा, पण पैशांचे खरे भवितव्य नफावाटप आणि बाहेर पडणे या दोन कलमांमध्ये ठरते.

समजा, एकाने 1 लाख डॉलर घालून उपाहारगृहात 30 टक्के वाटा घेतला. उरलेले 70 टक्के दुसऱ्या भागीदाराचे आणि मॅनेजरही तोच. पहिल्या वर्षी निव्वळ नफा झाला 2 लाख डॉलर, म्हणजे आपल्या माणसाच्या वाट्याला 60 हजार आले. प्रत्यक्षात हे पैसे फक्त हिशेबात त्याच्या नावावर पडतात. हातात किती द्यायचे हे वेगळे कलम सांगते आणि त्यात बहुधा ‘मॅनेजरला योग्य वाटेल तेव्हा’ असे शब्द असतात. दुसरी शाखा काढायची म्हणून मॅनेजरने 1 लाख 60 हजार धंद्यातच ठेवले आणि 40 हजार वाटले, तर आपल्या माणसाला 12 हजार मिळतात.

आता कर. एकाहून अधिक भागीदार असलेली एलएलसी वेगळा पर्याय निवडत नसेल, तर अमेरिकेचे केंद्रीय आयकर खाते तिला भागीदारी संस्था मानते. संस्था स्वतः आयकर भरत नाही. ती प्रत्येक भागीदाराला ‘शेड्यूल के-1’ नावाचा तक्ता देते आणि ज्याने त्याने आपल्या वाट्यावर कर भरायचा. के-1 वर 60 हजार लिहिलेले असतात. सगळे कर मिळून 30 टक्के धरले, तरी 18 हजार भरावे लागतात. हातात आले 12 हजार. उरलेले 6 हजार पगारातून किंवा बायकोच्या बचतीतून काढावे लागतात. धंदा तोट्यात नाही, कोणी फसवलेलेही नाही, तरी घरात पैशांची चणचण.

यावरचा उपाय करारातच असतो: करापुरती रक्कम सर्व भागीदारांना वाटलीच पाहिजे, असे कलम. ते मॅनेजरच्या मर्जीवर न ठेवता, ठरलेल्या दराने आणि आगाऊ कराच्या हप्त्यांआधी देण्याचे बंधन घालणारे हवे. हे हप्ते साधारण 15 एप्रिल, 15 जून, 15 सप्टेंबर आणि 15 जानेवारीला असतात. माझ्या मते लहान वाटा घेणाऱ्याने एकाच कलमासाठी अडून बसायचे असेल, तर ते यासाठी.

न वाटलेले 48 हजार बुडाले का? नाही. ते त्याच्या भांडवली खात्यात जमा होतात. मूळचे 1 लाख धरून वर्षअखेरीला तिथे 1 लाख 48 हजार दिसतात. हे पैसे केव्हा मिळणार, याचे उत्तर बाहेर पडण्याच्या कलमात आहे.

करारात काहीच लिहिलेले नसेल तर न्यू जर्सीचा कायदा कठोर आहे. मार्च 2014 पासून सर्व एलएलसींना लागू असलेल्या कायद्यानुसार भागीदार स्वतःहून बाहेर पडला, तर त्याला वाट्याची किंमत लगेच मागता येत नाही. मताचा हक्क जातो आणि वाटप झालेच तर त्यातला हिस्सा मिळण्याचा हक्क तेवढा उरतो. म्हणजे मॅनेजरने वाटपच केले नाही, तर तो वर्षानुवर्षे बाहेर उभा.

करारात वाटा विकत घेण्याची तरतूद असेल, तर किंमत कशी धरायची तेही पाहावे. ‘पुस्तकी किंमत’ लिहिली असेल, तर वरच्या उदाहरणात 1 लाख 48 हजार मिळतील. अख्ख्या धंद्याला बाजारात 9 लाख मिळत असतील, तर 30 टक्क्यांचे 2 लाख 70 हजार होतात. पण नियंत्रण नसलेल्या वाट्याला सूट लावून मोजायचे असे लिहिले असेल आणि ती सूट 25 टक्के धरली, तर उरतात 2 लाख 2 हजार 500. वाटा तोच, किमती तीन. शिवाय रक्कम पाच वर्षांच्या हप्त्यांत, बिनव्याजी आणि तारणाशिवाय द्यायची असेल, तर तो माणूस आपल्याच जुन्या धंद्याचा सावकार होतो. त्यामुळे मूल्यमापन कोण करणार, कोणत्या तारखेचे आणि सूट लावायची की नाही, हे आधीच लिहून घ्यावे.

सगळ्यात जास्त निसटते ती वैयक्तिक हमी. दुकानाच्या भाडेकरारावर आणि बँकेच्या कर्जावर प्रत्येक भागीदाराने बहुधा स्वतःची सही दिलेली असते. वाटा विकला तरी ती सही राहते, कारण घरमालक आणि बँक भागीदारांच्या कराराने बांधलेले नसतात. दोन वर्षांनी उपाहारगृहाने भाडे थकवले, तर नोटीस बाहेर पडलेल्यालाही येते. उरलेल्या भागीदारांनी भरपाईचे वचन दिले, तर त्यांच्याकडून वसूल करता येते. मात्र तेच अडचणीत असतील, तर त्या वचनाला किंमत उरत नाही. म्हणून वाटा हस्तांतरित होण्याआधी घरमालक आणि बँक यांचे लेखी मुक्तिपत्र मिळालेच पाहिजे, ही अट वकिलाकडून करारात घालून घ्यावी. मुक्तिपत्र मिळाले नाही, तर हमी सुटेपर्यंत किती रक्कम एस्क्रो खात्यात राहील, तो आकडाही तिथेच लिहावा.