एक सळई, दोन उत्तरं

शाफ्टचं आयुष्य पीळ सोसण्यात जातं. म्हणून त्याच्या पोलादाला प्रयोगशाळेत दोन प्रश्न विचारले जातात: तू पिळाला किती दाद देतोस, आणि शेवटी किती पिळाला तुटतोस? पहिल्याचं उत्तर म्हणजे शिअर मॉड्युलस, दुसऱ्याचं शिअर स्ट्रेंग्थ. चाचणी एकच असली, तरी दोन्ही उत्तरं एकाच हिशेबाने निघत नाहीत.

समजा, सौम्य पोलादाची 10 मिलिमीटर व्यासाची गोल सळई आहे. तिचं एक टोक यंत्रात घट्ट धरतात, दुसरं सावकाश फिरवतात. पीळ मात्र जबड्यापाशी मोजायचा नाही. जबड्यात सळई किंचित सरकते, त्यामुळे पीळ खोटाच जास्त दिसतो आणि पोलाद आहे त्याहून लवचीक ठरतं. म्हणून सळईच्या मधल्या 100 मिलिमीटर भागावरच कोनमापक बसवतात. टॉर्क 20 न्यूटन-मीटर झाला, की तो साधारण दीड अंश, नेमकं सांगायचं तर 1.46 अंश दाखवतो. सूत्र असं:

G = TL / (Jθ), J = πd⁴/32

कोन रेडियनमध्ये घेतला, की उत्तर येतं सुमारे 80 गिगापास्कल. एका वाचनावर विसंबू नये. टॉर्क आणि पिळाचा आलेख काढून सरळ रेषेचा चढ घ्यावा. सुरुवातीचं ढिलेपण त्यातून आपोआप वगळलं जातं. व्यासाचा इथे चौथा घात आहे. तो मोजताना एक टक्का चुकलं, तर उत्तर चार टक्के चुकतं. म्हणून मायक्रोमीटरने दोन-तीन ठिकाणी, आडवं-उभं मोजणं हे या चाचणीतलं सगळ्यात मोलाचं काम, असं मला वाटतं.

यापुढे फिरवत राहिलं, की आलेख वाकतो. सळईवर आधी आखलेली खडूची सरळ रेघ मळसूत्रासारखी गुंडाळत जाते आणि बरेच वेढे झाल्यावर सळई तुटते. तुटताना टॉर्क 75 न्यूटन-मीटर होता असं धरू. नेहमीच्या सूत्राने पृष्ठभागावरचा ताण 382 मेगापास्कल येतो, पण तो खरा नाही. ते सूत्र मानतं, की ताण मध्यभागी शून्य आणि कडेला सर्वाधिक असतो, आणि मध्ये सारख्या प्रमाणात वाढत जातो. प्रत्यक्षात कडेचं पोलाद आधीच नमलेलं असतं आणि आतल्यानेही भार उचललेला असतो. सगळीकडे ताण जवळपास सारखा झाला, असं मानून हिशेब केला तर 286 येतात. पहिला आकडा खऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याने फुगलेला होता.

शेवटी तुटलेलं तोंड पाहावं. सौम्य पोलाद अक्षाला काटकोनात, सपाट तुटतं, म्हणजे ते शिअरनेच हरलेलं असतं. ओतीव लोखंड 45 अंशांच्या तिरक्या वळणावर फुटतं, हातात पिळलेल्या खडूसारखं. तिथे ताणच त्याला फाडतो, म्हणून त्या टॉर्कवरून काढलेल्या आकड्याला त्याची शिअर स्ट्रेंग्थ म्हणता येत नाही.