दोन मीटर रुंदीचा नकाशा आणि कधीच न येणारा ध्रुव

एक गाडी घ्या, ताशी 100 किलोमीटर वेगाने न थांबता पळणारी. विषुववृत्तावर रूळ टाकून तिला पृथ्वीभोवती फिरवा. 40,000 किलोमीटरचा फेरा पुरा व्हायला जवळजवळ 17 दिवस लागतील. तीच गाडी 60 अंश उत्तरेला न्या, साडेआठ दिवसांतच फेरा पूर्ण! 80 अंशांवर तीन दिवसही लागत नाहीत. आणि 89 अंशांवर? सकाळी नऊला निघा, दुपारी चारला पृथ्वीप्रदक्षिणा करून परत!

आता शाळेच्या भिंतीवरचा मर्केटरचा नकाशा बघा. 17 दिवसांचा फेरा आणि सात तासांचा फेरा त्यात अगदी सारख्याच लांबीच्या रेघेने काढलेला असतो. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, पण या नकाशात ते समांतर उभे केले आहेत. म्हणजे पूर्व-पश्चिम ताण आलाच. गेरार्डस मर्केटरने 1569 मध्ये हा नकाशा केला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट सरळ रेघ दिसायला हवी होती. त्यासाठी कोन बिघडून चालणार नव्हते, म्हणून जेवढा आडवा ताण, तेवढाच उभा ताणही त्याने दिला. दोन्हीकडून दुप्पट ताणलं की क्षेत्रफळ चौपट!

हिशोब रुपयांत करू. विषुववृत्तावर एका रुपयाची जमीन नकाशात एका रुपयाचीच दिसते. 60 अंशांवर ती चार रुपयांची दिसते, 80 अंशांवर 33 रुपयांची. ग्रीनलंडच्या उत्तर टोकाला, साधारण 83.6 अंशांवर, थेट 81 रुपयांची! तिथे मुंबई-पुणे रस्त्याएवढं, 150 किलोमीटरचं अंतर मोजा. नकाशात ते 1,350 किलोमीटरचं भासेल, म्हणजे जवळपास मुंबई-दिल्ली. म्हणूनच 21.66 लाख चौरस किलोमीटरचं ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचं वाटतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत अशी 14 ग्रीनलंडं मावतात!

खरी गंमत मात्र याच्या पुढे आहे. दोन मीटर रुंदीचा नकाशा भिंतीवर काढायला घ्या, विषुववृत्ताची रेघ जमिनीलगत ठेवा आणि वर चढायला लागा. खाली एका सेंटिमीटरात 200 किलोमीटर बसतात. मुंबई 11 सेंटिमीटरवर येते, 80 अंश 78 सेंटिमीटरवर, 89 अंश 151 वर. आता ध्रुव उरला फक्त 111 किलोमीटर, मुंबई-पुण्याहूनही जवळ. पोहोचलोच की! छे. 224 सेंटिमीटरवर, हात उंच करून टेकवावा लागेल तिथे, अजून 11 किलोमीटर बाकी आहेत, चर्चगेट-दादरपेक्षा थोडे जास्त. शिडी लावा. साडेपाच मीटरवर ध्रुव 32 सेंटिमीटर दूर राहतो, आणि इथे नकाशा जगाएवढाच होतो, एका सेंटिमीटराला एक सेंटिमीटर! त्याच्याही वर जा, तर नकाशा जगापेक्षा मोठा व्हायला लागतो. साडेबारा मीटरवर, चौथ्या मजल्याच्या आसपास, ध्रुव एका अणूइतका जवळ येतो. तरी तो येत नाही! भिंत कितीही उंच बांधा, या नकाशात ध्रुव अनंत अंतरावर आहे. मोबाइलवरचे नकाशे त्यामुळेच सुमारे 85 अंशांवर कापलेले असतात. वरचा 550 किलोमीटरचा भाग सरळ सोडून दिलेला!

मग दुसरा नकाशा घ्यावा? घ्या, पण किंमत मोजावी लागेल. गॉल-पीटर्स प्रक्षेपणात क्षेत्रफळ चोख येतं, रुपयाची जमीन रुपयाचीच. पण विषुववृत्तावरचं गोल तळं तिथे रुंदीच्या दुप्पट उंच होतं, आणि 80 अंशांवर तेच तळं उंचीच्या साडेसोळा पट रुंद पसरतं.

अंतरं खरी हवीत? मुंबई मध्यभागी ठेवून दिगंशीय समअंतर प्रक्षेपण काढा. मुंबईहून पुणे, लंडन, न्यूयॉर्क, सगळी अंतरं आणि दिशा अचूक. पण मुंबईच्या बरोबर पलीकडे, प्रशांत महासागरात 19 अंश दक्षिणेला एक बिंदू आहे. नुसता बिंदू! तो या नकाशाची संपूर्ण कड होऊन बसतो, सव्वा लाख किलोमीटरचं वर्तुळ. पृथ्वीला तीन वेळा गुंडाळून उरेल एवढी कड, आणि ती एका टिंबाची!

गोलाचा पृष्ठभाग न ताणता सपाट करता येत नाही हे गाउसने 1827 मध्येच सिद्ध केलं आहे, त्यामुळे यातून सुटका नाही. जहाज हाकायचं असेल, गल्लीतला चौक शोधायचा असेल, तर मर्केटरला तोड नाही. देशांचं आकारमान ताडून बघायचं असेल, तर त्याला हातही लावू नका. 2018 मध्ये आलेलं इक्वल अर्थ प्रक्षेपण उघडा. त्यात आपला 32.87 लाख चौरस किलोमीटरचा भारत ग्रीनलंडच्या दीडपट दिसतो, आणि तो खरोखर तेवढाच आहे.