कालच्या गिऱ्हाइकाची ओळख त्याला नाही

गेल्या आठवड्यात आमच्या भागातल्या दुकानदारांपुढे मी एआयच्या चॅटबद्दल थोडा वेळ बोललो. विषय एकच होता, उधारी.

एका किराणा दुकानदाराने सोमवारी उधारीची यादी चॅटमध्ये टाकून आठवणीचे निरोप लिहून घेतले होते. काम छान झालं. गुरुवारी त्याने नवीन चॅट उघडलं आणि विचारलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची बाकी किती?" उत्तर आलं, १,२४० रुपये. वहीत १,८५० होते. सोमवारची यादी नव्या चॅटमध्ये नव्हतीच, त्यामुळे तो आकडा निव्वळ रचलेला होता. कधी हे साधन "मला माहिती नाही" असं सरळ सांगतं, पण कधी असा ठाम आकडाही देतं. मला खरी भीती या ठाम आकड्याची वाटते, कारण त्यावर विसंबून आपण काकूंना फोन करतो.

असं का होतं? तुम्ही प्रश्न पाठवता तेव्हा त्या चॅटमधला आतापर्यंतचा मजकूर दर वेळी नव्याने त्याच्यापुढे ठेवला जातो. तो वाचून ते उत्तर देतं. म्हणून एकाच चॅटमध्ये त्याला सगळं आठवतंय असं वाटतं. नवीन चॅट म्हणजे सहसा कोरा कागद. जुनी चॅट बाजूच्या यादीत दिसतात खरी, पण ती ॲपने तुमच्यासाठी जपलेली असतात. त्यातलं एखादं उघडून तिथेच पुढे विचारलंत, तर त्यातला मजकूर पुन्हा वाचला जातो. तेच चॅट महिनोन्‌महिने चालवलं, तर वाचण्याची मर्यादा संपते आणि सुरुवातीच्या नोंदी सुटू शकतात.

काही ॲपमध्ये 'मेमरी'ची सोय असते. त्यात सहसा तुमच्याबद्दलच्या मोजक्या गोष्टी टिपून ठेवलेल्या असतात, जसं की तुमचं किराणा दुकान आहे आणि तुम्हाला निरोप मराठीत लागतात. पण रोजची देणीघेणी त्यातून चुकता सापडतीलच, असं धरून चालू नका.

मग वापरायचं कसं? हिशेब वहीतच ठेवा. निरोप हवा असेल तेव्हा लागेल तेवढंच लिहून द्या: "मागची बाकी १,८५०, आजचा माल ६४०, जमा १,०००, आता बाकी १,४९०. नम्र भाषेत चार ओळी लिही." गिऱ्हाइकाचं नाव आणि मोबाइल नंबर देऊ नका, ते निरोप पाठवताना तुम्हीच घाला. दुकानाचं नाव, वेळ, घरपोच मालाचे नियम असं दर वेळी लागणारं फोनच्या नोट्समध्ये एकदाच लिहून ठेवा आणि नव्या चॅटच्या सुरुवातीला चिकटवा.

खात्री करायची असेल, तर आज शटर ओढल्यावर नवीन चॅट उघडा आणि एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाची बाकी विचारा. येईल ते उत्तर वहीशी ताडून पाहा.