चार्जिंगनंतर बंद पडलेले स्मार्टवॉच आणि सर्व्हिस सेंटरला लिहायचा मेल

चार्जरवरून काढलेले स्मार्टवॉच सुरूच होत नाही, अशी तक्रार सर्व्हिस सेंटरकडे येते तेव्हा मेल वाचणाऱ्याला तीन गोष्टी ठरवायच्या असतात. घड्याळ वॉरंटीत आहे का, दोष घड्याळात आहे की चार्जरमध्ये, आणि घड्याळ आपटले किंवा त्यात पाणी शिरले असा वॉरंटीत न बसणारा प्रकार झाला आहे का. पहिल्या मेलमध्ये याची उत्तरे नसतील, तर ‘बिलाची प्रत पाठवा’, ‘अर्धा तास चार्ज करून पाहा’ असे ठरीव उत्तर येते आणि त्या देवाणघेवाणीत दिवस जातात.

सर्वांत जास्त गोंधळ ‘घड्याळ डेड झाले’ या शब्दांमुळे होतो. बाहेरून सारखी दिसणारी ही अवस्था आतून तीन वेगवेगळ्या कारणांनी येते. पहिले कारण म्हणजे बॅटरी पूर्ण उतरलेली असणे. लिथियम बॅटरी फार खाली गेली की तिच्यासोबतचे संरक्षक सर्किट ती तोडून टाकते. पुन्हा चार्जरवर ठेवल्यावर सुरुवातीला अगदी थोडा विद्युतप्रवाह आत सोडला जातो, त्यामुळे पडदा बराच वेळ काळाच राहतो. म्हणून अर्धा तास थांबायला सांगतात. दुसरे कारण म्हणजे आतील सॉफ्टवेअर अडकणे. बॅटरी भरलेली असते, पण घड्याळ कशालाच प्रतिसाद देत नाही. बाजूचे बटण बराच वेळ दाबून धरले की ते सक्तीने रीस्टार्ट होते. तिसऱ्या प्रकारात घड्याळ चालू असते आणि फक्त पडदा गेलेला असतो. फोन आला की ते थरथरते, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘कनेक्टेड’ दिसते, पण वर काही उमटत नाही.

यावरून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. चार्जरवर शंभर टक्के दाखवून लगेच बंद पडलेल्या घड्याळाची बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता कमी असते, म्हणून तिथे आधी बटणाचा उपाय करावा. उलट, चार्जिंगला लावल्यावर टक्केवारी दिसलीच नसेल, तर संशय आधी चार्जरच्या पिनांवर जातो. घामातले क्षार घड्याळाच्या मागच्या धातूच्या ठिपक्यांवर साचतात आणि पांढरट किंवा हिरवट थर धरतो. म्हणून शेवटची टक्केवारी किती दिसली, ती केव्हा दिसली आणि त्यानंतर काय घडले, ही मेलमधली सर्वांत मोलाची माहिती ठरते.

उदाहरण म्हणून ऑनलाइन घेतलेले एक घड्याळ धरू. बिल 14 ऑगस्ट 2025 चे, वॉरंटी एक वर्षाची, आणि घड्याळ 3 मार्च 2026 च्या रात्री बंद पडले. मेलच्या विषयात ‘घड्याळ बंद आहे, मदत करा’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘चार्जिंगनंतर स्मार्टवॉच बंद, वॉरंटीत, सिरियल क्रमांक अमुक’ असे लिहावे. तक्रार कोणाकडे पाठवायची हे तेवढ्यावरूनच ठरवता येते. पुढचा मजकूर असा होऊ शकतो:

> माझे स्मार्टवॉच 3 मार्च 2026 च्या रात्रीपासून सुरू होत नाही. मॉडेल, सिरियल क्रमांक, बिल क्रमांक, ऑर्डर क्रमांक आणि बिलावरील विक्रेत्याचे नाव खाली दिले आहे. बिलाची तारीख 14 ऑगस्ट 2025 आहे.
>
> रात्री साडेनऊला घड्याळ सोबत आलेल्या केबलने चार्जिंगला लावले. अ‍ॅडाप्टर मोबाइलचा होता; त्यावर `Output: 5V 2A` असे छापले आहे. साडेदहाला पडद्यावर 100 टक्के दिसले. केबल काढल्यावर काही मिनिटांत पडदा काळा झाला. घड्याळ पडलेले नाही आणि त्या दिवशी पाण्यात गेलेले नाही.
>
> केलेले उपाय: बाजूचे बटण 20 सेकंद दाबून धरले, थरथर किंवा लोगो नाही. मागचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसून घड्याळ एक तास लॅपटॉपच्या यूएसबीवर ठेवले, बॅटरीचे चिन्ह आले नाही. याच मॉडेलच्या दुसऱ्या घड्याळाच्या केबलवर लावले, तरी फरक नाही. अ‍ॅपमध्ये घड्याळ ‘डिसकनेक्टेड’ दिसते. मागची बाजू फुगलेली नाही.
>
> वॉरंटीत दुरुस्ती किंवा बदली करून द्यावी. घरून पिकअप होईल की केंद्रात आणावे लागेल, ते कळवावे आणि तक्रार क्रमांक द्यावा.

या मजकुरात प्रत्येक उपायापुढे तो किती वेळ केला आणि काय दिसले हे आहे. ‘सगळे करून पाहिले’ असे लिहिले, तर पलीकडचा माणूस तेच उपाय पुन्हा करायला सांगणार आणि त्यात त्याची चूक नाही. दुसऱ्या केबलवरही घड्याळ उठले नाही, म्हणून दोष केबलचा नाही हे कळते. अ‍ॅपमध्ये जोडणी नाही, म्हणून फक्त पडदा गेला असण्याची शक्यता मागे पडते. अ‍ॅडाप्टरची माहिती लपवू नये. जलद चार्जर साधारणपणे समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय पाच व्होल्टच्या वर जात नाही. तरीही कंपनीच्या पुस्तिकेत विशिष्ट अ‍ॅडाप्टर सांगितला असेल तर तो प्रश्न येणारच, आणि आधीच दिलेले खरे उत्तर पुढे उपयोगी पडते.

काही उपाय मात्र टाळलेलेच बरे. दुसऱ्या कंपनीची चुंबकीय केबल घड्याळाला चटकन चिकटते, पण तिच्या पिनांचे धन-ऋण उलटे असू शकते. मागचे झाकण उघडले तर पाणी रोखणारी चिकटपट्टी तुटते आणि वॉरंटीही जाते. झाकण वर उचललेले दिसले किंवा घड्याळ फार तापत असेल, तर पुन्हा चार्जिंगला लावू नये. ही गोष्ट मेलच्या पहिल्याच ओळीत लिहावी.

घड्याळ बंद असल्याने सिरियल क्रमांक सेटिंगमध्ये पाहता येत नाही. तो खोक्यावरच्या स्टिकरवर, बऱ्याचदा घड्याळाच्या मागे किंवा फोनच्या अ‍ॅपमध्ये सापडतो. बिल म्हणजे जीएसटीचे कर-बिल. ऑर्डर आल्याचा एसएमएस चालत नाही. ते खरेदीच्या संकेतस्थळावर ऑर्डरच्या पानावरून उतरवता येते. त्यावरचा विक्रेता त्या संकेतस्थळाहून वेगळा असू शकतो, म्हणून त्याचे नाव बिलावरून जसेच्या तसे घ्यावे. सोबत बिलाची पीडीएफ, सिरियल क्रमांकाचा आणि मागच्या ठिपक्यांचा फोटो, आणि बटण दाबूनही घड्याळ उठत नाही हे दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडावा. जीमेलवर जोडलेल्या फायलींची मर्यादा 25 एमबी आहे. त्याहून मोठी फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते, आणि परवानगी दिलेली नसेल तर ती पलीकडे उघडत नाही. व्हिडिओ कमी रिझोल्यूशनवर काढला की हा प्रश्न राहत नाही.

तक्रार क्रमांक मिळाल्यावर पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच मेलला उत्तर देऊन करावा. घड्याळ केंद्रात देताना जॉबशीट घ्यावी आणि काच, कडा, पट्टा यांची स्थिती तिच्यावर लिहून घ्यावी. नंतर ‘काचेला तडा होता’ असा वाद निघाला तर तोच कागद पुरावा ठरतो.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. ऑनलाइन खरेदीत ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे, असे 2020 चे नियम सांगतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, आणि त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.