तोफेची भिंत जाड करून का भागत नाही

विजापूरच्या बुरुजावरची मुलुख-ए-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. तोंडाशी तिच्या नळीचा व्यास सुमारे सत्तर सेंटीमीटर आहे आणि बाहेरून मोजला तर दीड मीटरच्या आसपास. भोवतालच्या धातूची जाडी पाहणाऱ्याला वाटतं, ही फुटणं शक्यच नाही. जुन्या ओतारींनीही याच भरवशावर तोफा जाड केल्या. पण एका मर्यादेपलीकडे जाडी वाढवून फारसं काही मिळत नाही.

गॅब्रिएल लामे आणि एमिल क्लापेरॉन या फ्रेंच अभियंत्यांनी १८३३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात यामागचं गणित मांडलं. ते एका उदाहरणावरून बघू. पोलादी नळीची आतली त्रिज्या ५० मिलिमीटर, बाहेरची १००. आत १०० मेगापास्कल दाब, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळजवळ हजारपट.

भिंतीत दोन प्रकारचे ताण असतात. एक त्रिज्येच्या दिशेचा, भिंतीला आतून बाहेर दाबणारा. आतल्या पृष्ठभागावर तो पूर्ण १०० असतो, कारण तिथे दाब थेट टेकलेला असतो. पुढचा प्रत्येक थर थोडा भार स्वतः पेलतो आणि उरलेला मागच्यावर सोपवतो. बाहेरच्या पृष्ठभागावर काहीच उरत नाही, तिथे शून्य.

दुसरा परिघाच्या दिशेचा. यालाच कारखान्यात हूप स्ट्रेस म्हणतात. नळी उभी चिरू पाहतो तो हाच. नळी उभी अर्धी कापली अशी कल्पना केली, तर दोन अर्धी एकत्र धरून ठेवायला सरासरी १०० मेगापास्कल ताण पुरतो. पण ही सरासरी फसवी आहे. आतल्या कडेला प्रत्यक्षात १६७ भरतात, बाहेरच्या कडेला अवघे ६७. आतला थर बाहेरच्याच्या अडीचपट राबत असतो.

असं का होतं? दाबामुळे आतला थर बाहेर सरकतो. बाहेरचा थरही सरकतो, पण त्याहून कमी, आणि ते सरकणं दुप्पट लांबीच्या परिघावर पसरतं. त्यामुळे त्याच्या प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला येणारी ओढ फारच कमी. यात एक सुंदर मेळ आहे. भिंतीतला कोणताही बिंदू घ्या, परिघाच्या ताणातून त्रिज्येचा दाब वजा केला की उत्तर ६७च येतं. आत १६७ वजा १००, बाहेर ६७ वजा शून्य. एक उतरला की दुसरा तेवढाच उतरतो.

आता भिंत दुप्पट जाड करू. बाहेरची त्रिज्या १५० केली की आतला ताण १६७ वरून १२५ वर येतो. तिप्पट केली, तर ११३. भिंत कितीही वाढवली तरी तो १०० च्या, म्हणजे आतल्या दाबाच्या, खाली जात नाही. वाढवलेला धातू बाहेर नुसता बसून राहतो, आणि आतल्या कडेला ताण सोसवेनासा झाला की तडा तिथूनच सुरू होतो. नळीच्या बाहेर ताणमापक चिकटवून खात्री करू पाहणाऱ्याने हे विसरू नये: त्याला ६७ दिसतील, तेव्हा आत १६७ असतील.

यावर उपाय म्हणजे बाहेरच्या धातूला आधीच कामाला लावणं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला विल्यम आर्मस्ट्राँगने इंग्लंडमध्ये नळीवर तापवलेली लोखंडी वेटोळी चढवून तोफा बांधल्या. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवून धाव चढवतो, तसंच हे. थंड होताना बाहेरचं आवरण आवळतं आणि आतली नळी दाबात जाते. मग बारूद पेटल्यावर आधी तो दाब सुटतो, नंतर ओढ सुरू होते.

आपल्या नळीचे ७५ मिलिमीटर त्रिज्येवर दोन भाग करू आणि आवरण १० मेगापास्कलने आवळेल असं बसवू. नळीच्या आतल्या कडेला ३६ चा दाब आधीच बसतो, म्हणून १६७ चे १३१ होतात. आवरणाच्या आतल्या कडेला मात्र ताण ९३ वरून १२८ वर चढतो. धातू तेवढाच, पण ओझं दोघांनी जवळपास सारखं वाटून घेतलं.

यासाठी आवरणाचं भोक नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा फक्त ०.०४६ मिलिमीटरने लहान कातायचं असतं. दोनशे अंशांनी तापवलं की ते ०.३६ मिलिमीटरने फुगतं आणि सहज सरकतं. पण लेथवर या फरकाच्या दुप्पट धरलं, तर आवळणूकही दुप्पट, २० मेगापास्कल. मग नळी ९५ वर निवांत असते आणि आवरणाच्या आतल्या कडेला १६४ चढतात. म्हणजे जवळपास पहिल्याइतकाच ताण, फक्त जागा बदललेली, आणि तीही दोन भागांच्या सांध्यात, जिथे तडा पडला तरी बाहेरून दिसत नाही.