पट्टी किती वाकली?

इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये निष्कर्षाची जागा शेवटच्या पानावर असते आणि ती बहुतेक वेळा सबमिशनच्या आदल्या रात्री भरली जाते. ‘मोजलेला आणि गणिती बाक जवळपास जुळतो, फरक मानवी चुकांमुळे.’ सही मिळते. पण फरक नेमका कशाचा, हे या वाक्यातून काहीच कळत नाही.

एक नमुना घेऊ. २५ मिमी रुंद, ६ मिमी जाड अशी पोलादी पट्टी ६०० मिमी अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवली आहे. मधोमध आकड्याला वजनं टांगायची आणि पट्टी किती खाली गेली ते डायल गेजवर वाचायचं. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस पुस्तकाप्रमाणे २०० गिगापास्कल धरला, तर सूत्रानुसार दर १० न्यूटनला बाक अर्धा मिलिमीटर यायला हवा. समजा, गेजने १० न्यूटनला ०.६२ आणि ५० न्यूटनला २.७४ मिमी दाखवले. म्हणजे पहिल्या वाचनात २४ टक्के चूक, शेवटच्यात जेमतेम १०. भार वाढला आणि चूक घटली, हे कसं?

इथे टक्केवारी बाजूला ठेवून आलेख काढावा. सगळे बिंदू एका सरळ रेषेत बसतात, पण रेषा शून्यातून न जाता ०.०९ मिमी वरून सुरू होते. ही प्रत्येक वाचनात मिसळलेली ठरावीक भर आहे. भार लहान असताना ती मोठी भासते, एवढंच. गेज शून्यावर आणल्यानंतर आकडा अडकवला आणि त्याचं वजन धरायचं राहिलं, तर असं होतं. आकडा तराजूवर ठेवला की शंका फिटते: १७० ग्रॅम भरला, तर हिशेब चोख जुळतो. वजनं उतरवून, आकडाही काढल्यावर काटा शून्यावर आला नाही, तर मात्र पट्टी आधारावर नीट बसली नव्हती किंवा गेज हलला, असं समजावं.

ही भर वजा केली तरी ५० न्यूटनला २.६५ मिमी उरतात, गणिताच्या २.५० पेक्षा ६ टक्के जास्त. आता संशय जाडीवर. बाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, त्यामुळे मायक्रोमीटरने पट्टी ५.९ मिमी भरली, तर गणितच २.६३ वर जातं. दशांश मिलिमीटरने पाच टक्के खाल्ले!

उरलेल्या एका टक्क्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण यंग्ज मॉड्युलस २१० धरला तरी उत्तर त्याहून जास्त हलतं. काही विद्यार्थी इथे ‘शिअरमुळे आलेला बाक दुर्लक्षित केला’ असं भारदस्त कारण लिहितात. इतक्या सडपातळ पट्टीत तो हजारात एक भागही भरत नाही.