मूत्रपिंड दाब कसा धरून ठेवतं

मे महिन्यातलं लग्न. जेवणातून नवरा-बायको दोघांनाही बाधा झाली आणि दोन दिवस जुलाब थांबले नाहीत, असं धरून चालू. दोघं साठीच्या आसपासचे, घरात तेच पाणी, तेच अन्न आणि त्रासही जवळपास सारखाच. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर बायकोचं क्रिएटिनिन ०.९, म्हणजे नेहमीसारखंच. नवऱ्याचं मात्र २.४. महिन्यापूर्वी ते १.१ होतं. शिवाय त्याचं पोटॅशियम ५.९ वर गेलेलं.

फरक दोन गोळ्यांचा आहे. नवरा रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टन घेतो आणि गुडघे दुखतात म्हणून त्या आठवड्यात डायक्लोफेनॅकही चालू होतं. हे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून वाचता आले, की रेनिन-अँजिओटेन्सिन-अल्डोस्टेरॉन यंत्रणा समजली. शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेसाठी बाणांची आकृती पाठ करणाऱ्यांनाही मी याच वाटेने जायला सांगेन. आकृतीत सगळे बाण सारख्याच जाडीचे दिसतात, पण आजारी माणसात एखादाच बाण सगळा भार उचलत असतो.

आधी बायकोकडे पाहू. जुलाबातून पाणी गेलं आणि त्याबरोबर सोडियमही गेलं. रक्ताचं आकारमान घटलं. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीत, म्हणजे ग्लोमेरुलसमध्ये, रक्त आणणारी एक बारीक धमनी असते. तिला अफेरंट म्हणतात. तिच्या भिंतीत काही पेशी रेनिनचे कण भरून बसलेल्या असतात. भिंतीवरचा ताण कमी झाला की त्या रेनिन सोडतात. दुसरी खबर मूत्रनलिकेकडून येते. ही नलिका पुढे वळसा घेऊन आपल्याच गाळणीला येऊन टेकते. तिथल्या मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशी समोरून किती मीठ वाहतंय ते जोखतात आणि मीठ कमी आलं की रेनिन सोडण्याचा इशारा देतात. तिसरा हुकूम सिंपथेटिक मज्जातंतूंचा, बीटा-१ रिसेप्टरमार्फत. बायकोमध्ये तिन्ही एकाच वेळी चालू झाले.

रेनिन स्वतः रक्तवाहिनी आवळत नाही, आणि इथे बरेच विद्यार्थी चुकतात. १८९८ साली स्टॉकहोममध्ये टायगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला तेव्हा रक्तदाब चढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन हे नाव दिलं. दाब थेट ते वाढवत नाही हे कळायला पुढे चार दशकं गेली. रेनिन हे एन्झाइम आहे. यकृतातून आलेल्या अँजिओटेन्सिनोजेन या मोठ्या प्रथिनाचा दहा अमिनो आम्लांचा तुकडा ते कापतं. तो अँजिओटेन्सिन-१, आणि तो जवळजवळ निष्क्रिय असतो. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर एसीई हे दुसरं एन्झाइम त्यातली दोन अमिनो आम्लं काढून टाकतं आणि उरतो अँजिओटेन्सिन-२. खरं काम याचं. एक-दोन मिनिटांतच तो मोडला जातो, त्यामुळे त्याचं प्रमाण दर क्षणी नव्याने ठरतं, आणि ते ठरवतं मुख्यतः रेनिन.

अँजिओटेन्सिन-२ अंगभरच्या बारीक धमन्या आवळतो, तहान लावतो, अॅड्रिनल ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन सोडवतो. ही यादी सगळ्यांना येते. बायकोचं क्रिएटिनिन ज्यामुळे हललं नाही ती गोष्ट मात्र यादीत शेवटी कुठेतरी असते. गाळणीतून रक्त बाहेर नेणारी जी दुसरी बारीक धमनी, इफेरंट, ती तो आवळतो. आत आणणारीपेक्षा हिला जास्त.

मूत्रपिंडाची रचना इथे इतर अवयवांहून वेगळी आहे. बाकी शरीरात केशवाहिन्यांच्या जाळ्यानंतर शिरा लागतात. इथे जाळ्यानंतर पुन्हा धमनीच लागते. ठिबक सिंचनाच्या नळीचं शेवटचं झाकण काढलं तर ड्रिपरमधून थेंब पडेनासे होतात आणि पाणी सरळ टोकाने वाहून जातं. झाकण लावलं की पुन्हा प्रत्येक ड्रिपर गळू लागतो. इफेरंट धमनी आवळणं म्हणजे ते टोक काही अंशी बंद करणं.

पाठ्यपुस्तकातले आकडे घेऊन हिशेब करू. गाळणीतल्या केशवाहिन्यांत रक्ताचा दाब सुमारे ६० मिलिमीटर असतो. हा दाब पाणी बाहेर ढकलतो. भोवतालच्या बोमन कॅप्सूलमधला १८ चा दाब त्याला विरोध करतो आणि रक्तातली प्रथिनं पाणी आत ओढून धरतात ती ३२ च्या जोराने. ६० मधून १८ आणि ३२ वजा केले की उरतात १०. एवढ्याशा दाबावर मिनिटाला १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं. आता रक्त कमी झाल्याने ६० चे ५६ झाले असं समजा. खाली काय उरलं? ६. चार मिलिमीटरची घट, आणि गाळण चाळीस टक्क्यांनी कमी. प्रत्यक्षात बाकीचे आकडेही थोडे हलतात, पण कारभार किती अरुंद पट्टीवर चालतो ते यातून दिसतं. बायकोची इफेरंट धमनी आवळली गेली, दाब पुन्हा साठीच्या जवळ आला आणि गाळण टिकली.

याच आवळण्यातून पाणी राखण्याचंही काम होतं. एरवी मिनिटाला साधारण ६५० मिलिलिटर प्लाझ्मा मूत्रपिंडात येतो आणि त्यातला १२५, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा गाळला जातो. बायकोमध्ये येणारा प्लाझ्मा ५०० वर उतरला आणि गाळण ११५ वर राहिली, तर हिस्सा झाला २३ टक्के. जास्त पाणी काढून घेतलेलं हे रक्त पुढे मूत्रनलिकांभोवतीच्या केशवाहिन्यांत जातं, तेव्हा त्यातली प्रथिनं दाट झालेली असतात आणि दाबही उतरलेला असतो. मग ते नलिकेतलं मीठ-पाणी जोराने परत ओढून घेतं. शिवाय नलिकेच्या पहिल्या भागात अँजिओटेन्सिन-२ स्वतःही सोडियम परत घ्यायला लावतो. गाळण राखायची आणि गाळलेलं वायाही जाऊ द्यायचं नाही, ही दोन्ही कामं एका धमनीच्या आकुंचनातून साधतात. या शास्त्रात याहून देखणी जुळणी मला तरी माहीत नाही.

अल्डोस्टेरॉन मागाहून येतो. तो पेशीच्या केंद्रकात जाऊन नवी प्रथिनं तयार करवतो, म्हणून परिणाम दिसायला तासभर किंवा जास्त लागतो. नलिकेच्या अगदी शेवटच्या भागात तो सोडियम आत घेतो आणि पोटॅशियम बाहेर टाकतो. त्याच्या वाट्याला गाळलेल्या सोडियमचे दोन-तीन टक्केच येतात. पण दिवसाला गाळलं जाणारं सोडियम २५,००० मिलिमोलच्या आसपास असतं. त्याचे दोन टक्के म्हणजे ५०० मिलिमोल, म्हणजेच सुमारे २९ ग्रॅम मीठ. एवढं मीठ रोज गेलं तर माणूस फार दिवस उभा राहणार नाही. सोडियमबरोबर पाणीही परत येतं, त्यामुळे अल्डोस्टेरॉनने रक्तातल्या सोडियमची तीव्रता फारशी बदलत नाही. वाढतं ते आकारमान. तीव्रता सांभाळण्याचं काम मुख्यतः एडीएच आणि तहान यांचं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारला जातो. बायकोची लघवी तपासली तर सोडियम लिटरला २० मिलिमोलपेक्षा कमी मिळेल. यंत्रणा पूर्ण ताकदीने चालू असल्याची ती खूण.

आता नवरा. त्याच्याही मूत्रपिंडाला तीच खबर मिळाली. रेनिन भरपूर सुटलं, अँजिओटेन्सिन-२ ही भरपूर तयार झाला. पण तो ज्या एटी-१ रिसेप्टरवर बसतो ती जागा टेल्मिसार्टनने अडवून ठेवली आहे. इफेरंट धमनी सैलच राहिली. दुसऱ्या टोकाला, रक्त कमी पडलं की अफेरंट धमनी उघडी ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन करतात, आणि डायक्लोफेनॅक तेच बनू देत नाही. येणारी वाट आखडली, जाणारी मोकळी. गाळणीतला दाब ५३ वर आला असेल तर वरच्या हिशेबाने उरतात अवघे ३. क्रिएटिनिन साठत गेलं. अल्डोस्टेरॉन कमी, नलिकेच्या टोकाला पोहोचणारं सोडियमही कमी, त्यामुळे पोटॅशियम बाहेर पडेना. ५.९ चा आकडा यातून आला, आणि तो हृदयाच्या ठोक्यांसाठी धोक्याचा आहे. अशा वेळी ईसीजी काढावाच लागतो.

यावरून टेल्मिसार्टन वाईट औषध आहे असं कुणी समजू नये. इफेरंट सैल करणं हाच मधुमेहातल्या मूत्रपिंडासाठी त्याचा फायदा आहे. तिथे गाळणीतला दाब वर्षानुवर्षं जास्त राहून गाळणी झिजते आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. याच यंत्रणेला एसीईच्या पायरीवर अडवणाऱ्या कॅप्टोप्रिलचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मूत्रपिंड बिघडू लागलेल्या रुग्णांमध्ये क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका त्या औषधाने जवळपास निम्म्यावर आला. म्हणून अशी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढून स्थिरावलं तर डॉक्टर सहसा ती बंद करत नाहीत. दाब उतरल्याचा तो अपेक्षित परिणाम असतो. मात्र जुलाब-उलट्यांत अंगातलं पाणी गेलेलं असताना ही गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारायला हवं आणि दुखण्यावरच्या गोळ्या तर मनाने घेऊच नयेत. या नवऱ्याच्या दोन्ही गोळ्या थांबवल्या, शिरेतून सलाइन दिलं, तर बहुधा काही दिवसांत क्रिएटिनिन पूर्वपदाकडे येईल आणि खाणंपिणं सुरळीत झाल्यावर टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करता येईल.

जुलाब नाहीत, दुखण्याची गोळी नाही, तरीही टेल्मिसार्टन सुरू केल्यावर दोन आठवड्यांत क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून वर गेलं, तर शंका वेगळी घ्यावी लागते. १९३४ साली हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीवर चांदीचा चिमटा बसवून ती अरुंद केली आणि रक्तदाब कायमचा चढला. माणसात असा चिमटा धमनीत साठलेल्या चरबीच्या थरातून तयार होतो. एकाच बाजूची धमनी अरुंद असेल तर दुसरं मूत्रपिंड सावरून घेतं आणि क्रिएटिनिन फारसं हलत नाही. दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील, किंवा मूत्रपिंड एकच असून त्याचीच धमनी अरुंद असेल, तर सगळी गाळण इफेरंट धमनीच्या पकडीवर तगलेली असते. गोळीने ती पकड सुटते. अशा रुग्णाची गोळी थांबवून मूत्रपिंडाच्या धमन्यांची डॉप्लर सोनोग्राफी करून घेतात.